पाय रोवलेली भिंत

गावच्या मैदानावर रस्सीखेचीची शिट्टी वाजायला अजून अवकाश असतो, दोर सैल पडलेला असतो, आणि तेवढ्यात गडी टाचेने जमीन उकरू लागतात. दोन-तीन इंचांचा खड्डा झाला की पाऊल त्यात बसवायचे, गुडघा ताठ करायचा आणि अंग मागे टाकायचे. शिट्टी वाजल्यावर दोर प्रतिस्पर्ध्याच्या दिशेने खेचतो आणि पाय जमिनीला त्याच दिशेने रेटतात. ज्याने खड्डा केला नाही, त्याचे पाऊल समोरच्या मातीचा छोटासा ढीग पुढे ढकलत घसरत जाते. खड्डा केलेल्याचे पाऊल मात्र समोरच्या मातीच्या आधाराने थांबते. दोघांचे वजन सारखे, जमीनही तीच. सरळ उभे राहिले असते तर दोघांपैकी कोणाच्याही पायाखालची जमीन हलली नसती.

माती सरळ खाली येणारा भार जेवढा पेलते, तेवढा तिरका येणारा भार पेलत नाही. पायाच्या गणितात ही घट ‘कल-गुणक’ लावून मोजतात. भार जितका कललेला, तितका हा गुणक 1 पेक्षा लहान. ही घट पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटते त्यापेक्षा खूप मोठी असते, आणि ती सगळीकडे सारखी बसत नाही. मातीच्या ताकदीचा एक भाग तिरक्या भाराखाली जवळजवळ नाहीसा होतो, दुसरा बऱ्यापैकी शिल्लक राहतो. शिल्लक राहणारा भाग हा त्या गड्याच्या खड्ड्यासमोरच्या मातीचा.

असा तिरका भार रोजच्या बांधकामात ठिकठिकाणी भेटतो. कमानी पुलाचे टोकाचे आधार, वाऱ्याला तोंड देणारे जाहिरातफलक, विजेची तार वळण घेते तिथला मनोरा, या सगळ्यांचे पाये जमिनीला खाली दाबतात आणि आडवेही ढकलतात. सर्वांत नेहमीचे उदाहरण मात्र संरक्षक भिंतीचे. डोंगरउतारावर टप्पे पाडून घरे बांधली की वरच्या टप्प्याची माती धरायला अशी भिंत लागतेच.

माती बाजूला कशी फुटते

आधी सरळ भाराचे पाहू. पायावर वजन वाढवत नेले की त्याच्या अगदी खालची माती पाचरीसारखी घट्ट होते आणि पायाबरोबर एकजीव होऊन खाली जाऊ पाहते. ती पाचर दोन्ही बाजूंची माती रेटते. रेटलेल्या मातीला खाली जायला वाव नसतो, म्हणून ती वळून वर येऊ पाहते. वर यायचे तर तिला आपलेच वजन उचलावे लागते आणि शेजारच्या मातीशी घासत सरकावे लागते. तो विरोध संपला की पाया खचतो आणि बाजूची जमीन फुगून वर येते.

कॅनडात विनिपेगजवळ ट्रान्स्कोना येथे 18 ऑक्टोबर 1913 रोजी हे प्रचंड प्रमाणात घडले. धान्याचे नवे काँक्रीटचे कोठार भरले जात असताना खचू लागले आणि एका बाजूला कलत जाऊन सुमारे 27 अंशांवर थांबले. कोठाराचे काँक्रीट शाबूत होते, खालची चिकणमाती भाराला पुरी पडली नव्हती. तिथला भार सरळ खाली येणारा होता. तरीही जमीन कशी फुटते, याचा तो धडा पायांच्या अभ्यासात आजही दिला जातो.

या फुटण्याचे गणित लुडविग प्रांटल यांनी 1920 च्या सुमारास धातूवर दाबल्या जाणाऱ्या ठोकळ्यासाठी मांडले होते. कार्ल टेर्झागी यांनी 1943 मधल्या आपल्या ग्रंथात ते मातीवरच्या पायांसाठी वापरण्याजोगे केले. त्यांनी मातीची ताकद तीन वाट्यांत विभागली. पहिला वाटा मातीच्या चिकटपणाचा. दुसरा पायाच्या खोलीचा, म्हणजे तळाच्या पातळीच्या वर बाजूला जी माती आहे तिच्या दडपणाचा. तिसरा पायाच्या रुंदीचा, म्हणजे तळाखालच्या ज्या मातीला उचलून बाजूला सारावे लागते तिच्या वजनाचा. वाळूला किंवा वाळूसारख्या मुरमाला चिकटपणा जवळजवळ नसतो. तिथे खोली आणि रुंदी हे दोनच वाटे उरतात.

आता तोच भार तिरका करा. पाचर एका बाजूला झुकते. जी माती फुटते ती दोन्हीकडे न जाता भार ज्या दिशेला कललेला असतो त्याच दिशेला सरकते. शिवाय ती वाट उथळ होते. सरळ भाराखाली माती खोल जाऊन मोठे वळण घेऊन वर येत होती, तिरक्या भाराखाली ती थोडक्यात बाहेर पडते. वाट आखूड, उचलायची माती कमी, घासायला जागा कमी, म्हणून विरोधही कमी. रुंदीच्या वाट्याला याचा सर्वांत जास्त फटका बसतो, कारण तो सगळा तळाखालच्या त्या मातीच्या वजनावर उभा असतो.

दोन छोटी सूत्रे

जॉर्ज मेयरहॉफ जर्मनीत जन्मले, इंग्लंडमधल्या इमारत संशोधन केंद्रात काम करून पुढे कॅनडात हॅलिफॅक्स येथे प्राध्यापक झाले. 1953 मध्ये झुरिक येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय मृदायांत्रिकी परिषदेत त्यांनी तिरक्या आणि मध्यापासून ढळलेल्या भारांखालच्या पायांवर निबंध सादर केला. त्यांच्या कामातून आलेले गुणक भारतीय मानक IS 6403 मध्ये आहेत. उथळ पायांची धारणक्षमता काढण्याचे हे मानक 1981 मध्ये सुधारले गेले आणि आपल्याकडच्या बहुतेक पायांचे हिशेब त्याच्याच आधाराने होतात. गुणक असे:

iq = (1 − α/90)²

iγ = (1 − α/φ)²

यातला α म्हणजे भार उभ्या रेषेपासून किती अंश कललेला आहे तो कोन. φ म्हणजे मातीचा घर्षणकोन. मातीचे कण एकमेकांवर घसरायला किती विरोध करतात, याचे ते माप. कोरड्या वाळूचा सैल ढीग ज्या उतारावर थांबतो, तो साधारण हाच कोन. वाळूसाठी तो बहुधा 30 ते 40 अंशांच्या घरात असतो. पहिला गुणक खोलीच्या वाट्याला लावायचा, दुसरा रुंदीच्या वाट्याला. चिकटपणाच्या वाट्यालाही पहिलाच लागतो.

दोन्ही सूत्रांतला फरक छेदात आहे. पहिल्यात कोनाला 90 ने भागतात, दुसऱ्यात घर्षणकोनाने. घर्षणकोन 30 अंश असेल तर 15 अंशांच्या कलाला पहिला गुणक 0.69 येतो आणि दुसरा फक्त 0.25. कल 30 अंशांवर पोचला की दुसरा शून्य. त्याचा अर्थही सरळ आहे. वाळूच्या पृष्ठभागावर नुसत्या टेकवलेल्या वस्तूला घर्षणकोनाइतक्या तिरक्या दिशेने रेटले, तर ती खाली रुतायच्या आधी आडवीच घसरते. तिथे मातीने भार पेलण्याचा प्रश्नच उरत नाही.

एका भिंतीचा हिशेब

उदाहरणादाखल साधी आरसीसी भिंत घेऊ. तळापासून माथ्यापर्यंत 5 मीटर उंच. तिचा उभा भाग 40 सेंटिमीटर जाड, खालची पाटी 3 मीटर रुंद आणि अर्धा मीटर जाड. पाटीचा 0.7 मीटर भाग भिंतीच्या पुढे आणि 1.9 मीटर मागे, भरावाखाली. पुढच्या बाजूला सपाट जमीन आहे आणि पाटीचा तळ त्या जमिनीखाली 1 मीटर आहे. भराव आणि पायाखालची माती दोन्ही वाळूसारखी, घर्षणकोन 30 अंश, घनमीटरला वजन 1.8 टन. पुढचे सगळे आकडे भिंतीच्या 1 मीटर लांबीचे आहेत.

उभी वजने तीन. भिंतीचा उभा भाग 4.5 टन, पाटी सुमारे 3.75 टन, आणि मागच्या पाटीवर बसलेली माती सुमारे 15.4 टन. एकूण 23.6 टन. मागचा भराव भिंतीला आडवे ढकलतो, ते बळ 7.5 टन आणि तळापासून 1.67 मीटर उंचीवर. 7.5 ला 23.6 ने भागले की 0.317 येतात, म्हणजे भाराचा कल 17.6 अंश.

आडवे बळ उंचावरून ढकलते, म्हणून एकत्रित भार पाटीच्या मध्यावर पडत नाही, पुढच्या काठाकडे सरकतो. या भिंतीत तो मध्यापासून सुमारे 28 सेंटिमीटर पुढे येतो. मेयरहॉफ यांनी यासाठीही सोपी वाट दिली. भार ज्याच्या बरोबर मध्यावर येईल तेवढीच रुंदी कामाची समजायची आणि उरलेली सोडून द्यायची. आपल्या 3 मीटरपैकी अशी 2.43 मीटर उरते. 23.6 टन त्यावर पसरले की जमिनीवर चौरस मीटरला 9.7 टन दाब येतो.

आता जमीन किती पेलेल? 30 अंशांच्या मातीसाठी खोलीचा आकडा 18.4 आणि रुंदीचा 22.4 असे मानकाच्या तक्त्यातच मिळतात. खोली 1 मीटर, म्हणून खोलीचा वाटा 1.8 गुणिले 18.4, म्हणजे 33.1 टन. रुंदीचा वाटा निम्मे गुणिले 1.8 गुणिले 2.43 गुणिले 22.4, म्हणजे 49 टन. बेरीज 82 टन. आकार आणि खोलीचे इतर गुणक हिशेब सोपा राहावा म्हणून 1 धरले आहेत. 9.7 टनांच्या समोर 82 टन, म्हणजे आठपटीहून जास्त सुरक्षितता.

अनेकांचा हिशेब इथेच थांबतो. माती परीक्षण अहवालात ‘एसबीसी’ म्हणून एक आकडा दिलेला असतो. तो बहुतेक वेळा सरळ भारासाठीचा. भिंतीच्या पुढच्या काठाखाली या उदाहरणात सर्वाधिक दाब चौरस मीटरला 12.4 टनांच्या आसपास येतो. 82 ला 3 ने भागून 27 टन ‘सुरक्षित’ मानले तर 12.4 त्याच्या निम्म्याहूनही कमी. कागदावर भिंत भक्कम दिसते.

कल-गुणक लावल्यावर चित्र बदलते. 17.6 अंशांना खोलीचा गुणक 0.647 येतो आणि रुंदीचा 0.171. खोलीचा वाटा 33.1 वरून 21.4 टनांवर येतो. रुंदीचा वाटा 49 वरून थेट 8.4 टनांवर. बेरीज 30 टनांपेक्षा थोडी कमी. जमिनीची ताकद जवळजवळ दोन-तृतीयांशाने घटली. सुरक्षितता आठपटीवरून तिपटीवर आली. पायांसाठी साधारण अडीच ते तीन पट मागतात, म्हणजे भिंत पास होते, पण जेमतेम.

यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे वाटे उलटले. सरळ भाराखाली रुंदीचा वाटा मोठा होता. तिरक्या भाराखाली 30 पैकी 21 टन खोलीच्या वाट्यातून येतात. म्हणजे या भिंतीला मुख्यतः पुढच्या काठावर बसलेल्या 1 मीटर मातीने तोलून धरले आहे.

खाली चर खोदला जातो तेव्हा

भिंत बांधून झाल्यावर काही महिन्यांनी खालच्या टप्प्यावर ड्रेनेजची लाइन टाकायची ठरते. जागा वाया जाऊ नये म्हणून चर भिंतीला चिकटून आखतात. पोकलेन येतो, अर्धा मीटर खोल खोदकाम होते. भिंतीला कोणी हात लावलेला नसतो, तिच्यावर एक किलोही वजन वाढलेले नसते.

हिशेबात मात्र खोली 1 मीटरवरून अर्ध्या मीटरवर आलेली असते. खोलीचा वाटा 21.4 वरून 10.7 टन होतो, रुंदीचे 8.4 तसेच. एकूण 19 टन, सुरक्षितता दोनपटीच्या खाली. पाइपला उतार द्यायचा म्हणून चर पुढे पाटीच्या तळापर्यंत, पूर्ण मीटरभर खोल गेला, तर खोलीचा वाटा शून्य होतो. उरतात 8.4 टन आणि पेलायचे 9.7. सूत्राच्या हिशेबाने भिंत त्या लांबीत उभी राहायला नको. प्रत्यक्षात चर थोड्याच लांबीचा असतो, शेजारची भिंत त्या भागाला धरते, मातीत ओलसरपणामुळे थोडा चिकटपणा असतो, म्हणून ती लगेच पडत नाही. पण तो आधार हिशेबात धरता येण्याजोगा नसतो, आणि माती वाळली किंवा पूर्ण भिजली की तो चिकटपणा जातो.

आठपट सुरक्षितता दाखवणाऱ्या सरळ भाराच्या हिशेबात हाच चर खोदला असता, तर 82 पैकी 33 टन कमी झाले असते आणि 49 उरले असते. म्हणजे अजूनही पाचपट. त्या हिशेबाच्या भरवशावर चर खोदायला परवानगी देणाऱ्याला धोका दिसूच शकत नाही, कारण त्याच्या कागदावर तो नाहीच.

पावसाचे पाणी दोन्हीकडून

भिंतीतून ठरावीक अंतरावर भोके ठेवतात, त्यांना साइटवर वीप होल म्हणतात. त्यांच्या मागे खडीचा थर असतो. काही पावसाळ्यांत ही भोके चिखलाने, झाडांच्या मुळांनी किंवा नंतर केलेल्या प्लास्टरने बुजतात. मग भरावातले पाणी आत साचू लागते.

आपल्या भिंतीच्या मागे निम्म्या उंचीपर्यंत, म्हणजे अडीच मीटर पाणी चढले असे धरू. पाणी सर्व बाजूंनी सारखे दाबते, त्याला मातीसारखे घर्षण नसते. आडवे बळ 7.5 वरून सुमारे 9.5 टनांवर जाते. वाढ पाव पटीची. भाराचा कल 17.6 वरून 22 अंशांवर जातो. चार अंशांचा हा फरक छोटा वाटतो, पण रुंदीचा गुणक 0.171 वरून 0.07 पर्यंत खाली येतो. त्याच वेळी पायाखालची मातीही पाण्यात बुडालेली असते. बुडालेली माती हलकी होते, म्हणून मानक रुंदीचा वाटा आणखी निम्मा करायला सांगते. 49 टनांच्या त्या वाट्यातून आता दीड-पावणेदोन टन उरतात. खोलीच्या वाट्यातून सुमारे 19 टन मिळतात. सुरक्षितता तिपटीवरून सुमारे दुपटीवर येते. पाटीखालून वर ढकलणारा पाण्याचा दाब यात धरलेलाच नाही. तो धरला तर उभे वजन कमी होते आणि कल आणखी वाढतो.

आता बुजलेली भोके आणि समोरचा चर एकत्र आणा. तेव्हा चौरस मीटरला दहा टनांहून जास्त दाब पेलायला जमिनीकडे दोन टनसुद्धा उरत नाहीत. पावसाळ्यात भिंत कोसळली की भराव भिजून जड झाला, असे कारण सहज दिले जाते. वजन वाढले हे खरे, पण मागच्या पाटीवर बसलेले वजन भिंतीला धरूनही ठेवत असते. भिंतीला खरा मार बसतो तो भार जास्त तिरका झाल्यामुळे आणि समोरची माती गेल्यामुळे.

सूत्रे कुठवर चालतात

मेयरहॉफ यांचे गुणक एकमेव नाहीत. डेन्मार्कचे यॉर्गन ब्रिंच हान्सेन यांनी 1961 मध्ये आणि पुन्हा 1970 मध्ये आपले गुणक मांडले. अमेरिकेत काम करणारे अलेक्झांडर व्हेसिच यांनी 1973 मध्ये आपले. या दोघांनी कोनाऐवजी आडव्या आणि उभ्या बळाचे प्रमाण वापरले. वाळूवरच्या लांब भिंतीसाठी व्हेसिच यांचा खोलीचा गुणक (1 − H/V)² आणि रुंदीचा (1 − H/V)³ असा येतो. H आडवे बळ, V उभे.

आपल्या भिंतीला ते लावले तर खोलीचा गुणक 0.47 आणि रुंदीचा 0.32 मिळतो. समोरची माती जागेवर असताना एकूण क्षमता 31 टन येते. मेयरहॉफ यांचे उत्तर 30 टनांजवळ होते. दोन्ही पद्धती इथे अगदी जुळतात. पण समोरची माती काढून टाकली की मेयरहॉफ 8.4 टन म्हणतात आणि व्हेसिच 15.6. जवळजवळ दुपटीचा फरक. दोघांनी खोली आणि रुंदी यांच्यात घट वेगवेगळी वाटली आहे, आणि उथळ पायावर तो फरक उघडा पडतो. व्हेसिच यांच्या हिशेबानेही चरामुळे सुरक्षितता दीडपटीच्या आसपास उतरते, म्हणजे निष्कर्ष तोच राहतो. पण पाया जितका उथळ आणि भार जितका तिरका, तितका कोणत्याही एका सूत्रावर कमी विसंबावे लागते. एकाचे गुणक घेऊन दुसऱ्याच्या तक्त्यातले आकडे आपल्या मनाने गुणणेही टाळावे.

घसरण्याचा हिशेबही वेगळा करावाच लागतो. व्हेसिच यांचा गुणक घर्षणकोनाच्या मर्यादेवरही पूर्ण शून्य होत नाही, म्हणजे भिंत घसरून जाईल अशा भारालाही सूत्र थोडीशी ताकद दाखवते. चिकणमातीत ही मर्यादा वेगळ्या रूपात येते. पाऊस पडून ती भिजलेली असली आणि तिच्यातून पाणी बाहेर पडायला वेळ मिळाला नसला, तर ती फक्त चिकटपणावर उभी असते. आडवे बळ चिकटपणा गुणिले पायाचे क्षेत्रफळ यापेक्षा जास्त झाले की उभे वजन कितीही असो, पाया सरकतो.

आणि ही सगळी सूत्रे समोर सपाट जमीन आहे असे धरून आहेत. घाटरस्त्याच्या दरीकडच्या भिंतीसमोर उतार असतो. तिथे पुढच्या काठावरची माती उताराच्या मानाने कमीच असते, आणि फुटणाऱ्या मातीला वर उचलले जाण्याऐवजी खालीच घरंगळायचे असते. अशा जागी उतारासाठी वेगळे गुणक लावावे लागतात किंवा संपूर्ण उताराच्या स्थिरतेचा हिशेब करावा लागतो.

काय करता येते

आराखड्याच्या टप्प्यावर सर्वांत स्वस्त उपाय मागच्या पाटीचा. तिची लांबी अर्ध्या मीटरने वाढवली की तिच्यावर आणखी सुमारे 4 टन माती बसते. आडवे बळ तेवढेच राहते, म्हणून भाराचा कल 17.6 वरून 14.8 अंशांवर येतो. रुंदीचा गुणक 0.171 वरून 0.255 होतो आणि सुरक्षितता तिपटीवरून सव्वाचार पटीवर जाते. समोर पूर्ण मीटरभर चर पडला तरी पावणेदोन पट शिल्लक राहते. पुढची पाटी तेवढीच वाढवूनही जवळपास तेवढाच फायदा मिळतो, कारण भार मध्याकडे येतो, पण कल मात्र तसाच राहतो आणि घसरण्याच्या हिशेबात फारसे काही मिळत नाही. जागा नसेल तर पाया खोल नेतात, किंवा तळच भाराच्या दिशेला काटकोनात येईल असा किंचित तिरका ठेवतात.

बांधून झालेल्या भिंतीसाठी पाहण्याच्या जागा तीन. भिंतीच्या माथ्यावरून ओळंबा सोडायचा आणि तळाशी दोरा भिंतीपासून किती अंतरावर येतो ते मोजून तारखेसह लिहून ठेवायचे. पावसाळ्याआधी आणि नंतर तेच मोजले की भिंत पुढे झुकते आहे का, ते नुसत्या डोळ्यांपेक्षा खूप आधी कळते. वर भरावाच्या बाजूला, भिंतीला समांतर जाणारी चीर पडली आहे का पाहायचे. आणि खाली, भिंतीच्या पुढे दोन-तीन मीटरच्या पट्ट्यात जमीन किंवा फरशी फुगून वर आली आहे का ते पाहायचे. भिंत झुकली पण समोरची जमीन शांत असेल, तर दोष बहुधा भिंतीच्या जाडीत किंवा लोखंडात शोधावा. भिंत झुकली आणि समोरची फरशीही उचलली, तर पायाखालची माती बाहेर सरकू लागलेली आहे. तेव्हा भोके मोकळी करून पाणी काढणे आणि पुढच्या काठावर माती किंवा दगड टाकून वजन देणे हे पहिल्या दिवशीचे काम, दुरुस्तीचा आराखडा त्यानंतरचा.

चर खोदायचाच असेल तर तो भिंतीपासून दूर घेतात. ते जमत नसेल तर दोन-तीन मीटरच्या तुकड्यांत, एक तुकडा भरून दाबल्यावरच दुसरा उघडून, आणि पावसाळा सोडून. भिंतीच्या नकाशावर पुढच्या बाजूला जमिनीची पातळी आखलेली असते, बहुतेक वेळा एका बारीक तुटक रेषेने. तिच्या शेजारी ‘या पातळीखाली खोदू नये’ असे लिहिलेले क्वचितच दिसते. ड्रेनेजचा कंत्राटदार येईल तेव्हा भिंतीचा आराखडा करणारा अभियंता तिथे नसतो, त्यामुळे ते वाक्य नकाशावर लिहावे लागते आणि वसाहतीच्या कार्यालयात नकाशाची प्रत ठेवावी लागते.